पन्नास फोन, चार तारखा

चेन्नईच्या सावकारपेठेत, मिंट स्ट्रीटपासून आत वळणाऱ्या एका बोळात आबांचं गलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढची दहा बाय आठची खोली आणि मागं भट्टीची त्याहून लहान खोली. दुपारचे सव्वातीन वाजलेत, मी बाकड्यावर बसलोय. भट्टी विझवलेली आहे, तरी तेजाबाचा वास भिंतींतून जात नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं दुष्काळापायी गाव सोडून देशभर सोनं गाळायला पांगली, त्यांतलेच हे एक. आबा तमिळ बोलतात ते इथल्या माणसासारखं, हिशेब करतात तो मराठीत, आणि इंग्रजीशी त्यांचा संबंध बिलापुरता.

आज मात्र त्यांना इंग्रजीत भांडायचंय.

टेबलावर काचेच्या पेटीतला नवा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सहाशे ग्रॅमपर्यंत वजन घेणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. त्याच्या शेजारी आबांचा जुना काटा. आणि त्या दोघांच्या मध्ये रेघी कागदावर निळ्या शाईनं लिहिलेलं चार पानी पत्र. रात्री जागून लिहिलंय. काही ठिकाणी पेन इतकं दाबलंय की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं बोटाला लागतात.

आबांची पुतणी लॅपटॉप घेऊन आलीय. अंबत्तूरच्या एका निर्यात कंपनीत ती परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळते. म्हणजे दिवसभर ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असते. लोकांच्या रागाची पत्रं तिच्याकडं येतात. आज ती अलीकडच्या बाजूला बसलीय.

"शब्दाला शब्द लाव बघ," आबा म्हणतात. "एक बी गाळू नगंस."

ती काही बोलत नाही. पत्र सबंध वाचते, लॅपटॉप न उघडता. मग पर्समधून पेन्सिल काढून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते. काही वाक्यांखाली सरळ रेघ, काहींखाली नागमोडी. सरळ रेघ म्हणजे घडलेली गोष्ट, नागमोडी म्हणजे राग. चौथ्या पानाच्या पाठीवर, सहीच्या वर, एका वाक्याभोवती ती गोल काढते: 'हे धूड घेऊन जा आणि नवा काटा द्या नाहीतर पैसे टाका.' चार पानांत मागणी अशी एवढीच आहे, आणि तीही शेवटी.

"आबा, नवा काटा पाहिजे का पैसे?"

"कायबी दे म्हणावं."

"कायबी म्हटलं की ते दुरुस्तीला माणूस पाठवतील आणि मागणी पूर्ण झाली म्हणतील."

आबा काट्याकडं बघतात, जरा वेळ घेतात. "नवा. ह्याच बनावटीचा. पण दुरुस्ती नगं."

ती चौथ्या पानावरचं ते वाक्य कोऱ्या कागदाच्या डोक्यावर उतरवून घेते. इंग्रजी पत्र इथूनच सुरू होणार. तिच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांचा तिला अनुभव आहे: वाचणारा पहिल्या चार ओळींत 'याला काय हवंय' ते शोधतो. तिथं ते सापडलं नाही तर पत्र बाजूला पडतं, मग पुढं कितीही आग ओतलेली असो.

आता सरळ रेघांची पाळी. पत्रात लिहिलंय, 'तुमचा काटा सकाळी एक आणि दुपारी एक बोलतो.' हे तिला पुरत नाही. किती बोलतो? आबा गल्ल्याखालून एक वही काढतात. त्यात त्यांनी सगळं टिपून ठेवलंय, पत्रात मात्र त्यातला एकही आकडा नाही. रागाच्या भरात ते विसरलेत.

"आत्ता दावतो." ते लाकडी पेटीतून दोनशे ग्रॅमचं शिक्क्याचं वजन चिमट्यानं उचलतात. बोट लावत नाहीत, बोटाचा घाम वजनाला लागतो म्हणतात. मदतनीस पोरगा न सांगता पंखा बंद करतो. काट्यातला पाणबुडबुडा गोलाच्या मधोमध आहे. रिकाम्या ताटलीवर शून्य. वजन ठेवून काचेचं दार लावलं की आकडे जरा धावतात आणि थांबतात: 200.12. तेच वजन जुन्या काट्यावर: 200.00.

वहीत गेल्या आठवड्याच्या नोंदी अशाच आहेत. सकाळी भट्टी लावायच्या आधी 200.00, बाराच्या सुमाराला 200.05, तीन वाजता 200.12. जुना काटा तिन्ही वेळा 200.00. बारा शतांश ग्रॅम म्हणजे आजच्या भावानं हजाराच्या वर रुपये, आणि आबा सोनं विकत घेतात तेव्हा काट्यानं जास्त दाखवलेलं प्रत्येक वजन त्यांच्याच खिशातून जातं.

पुतणी आता कंपनीच्या बाजूनं विचारते. भट्टीच्या उष्णतेनं होत असेल तर? आबा भिंतीवरच्या तापमापकाकडं बोट करतात, तेहेतीस अंश. काट्यासोबतच्या पुस्तिकेत चाळीसपर्यंत चालेल असं छापलंय. शिवाय दोन्ही काटे एकाच टेबलावर आहेत, उष्णता असेल तर दोघांना सारखीच. शून्य हललेलं असेल तर? रिकामी ताटली शून्यच दाखवते, वजन ठेवल्यावरच फरक पडतो. ती हे सगळं उतरवून घेते. कंपनीचा माणूस जे विचारणार, त्याची उत्तरं पत्रातच असली की त्याला विचारायला परत पत्र पाठवून आठवडा काढता येत नाही.

लॅपटॉप उघडतो तेव्हा चार पानांच्या सरळ रेघांतून तीन छोटे परिच्छेद झालेत. आता उरला राग. आबा खुर्ची पुढं ओढतात. हे त्यांना बघायचंय.

पहिलं नागमोडी वाक्य: 'उद्याच्या उद्या माणूस पाठवा.' ती ते इंग्रजीत तोंडी म्हणून दाखवते, "सेंड अ मॅन टुमॉरो." मग मान हलवते. "हे हुकूम झालं."

आबा भडकतात. "मी कुठं हुकूम केला? 'पाठवा' म्हटलंय. 'पाठव' म्हटलंय का? अख्ख्या पत्रात कुणाला अरे-तुरे न्हाई. शिव्या दिल्या, पण मान ठेवून दिल्या."

आणि ते खरं आहे. चार पानांत त्यांनी कुठंही 'तुम्ही' सोडलेलं नाही. मराठीत हा मान क्रियापदाच्या शेपटाला असतो, वेगळा शब्द लागत नाही. मदतनीस पोरगा उत्तर चेन्नईचा, पण दुकानात राहून मराठी समजतं. तो मध्येच म्हणतो, "अनुप्पु, अनुप्पुंगा." त्याच्या तमिळमध्येही तसंच आहे. 'अनुप्पु' बरोबरीच्याला, शेवटी 'ंगा' आलं की मान. पत्र वाचणारा अधिकारीही बहुधा तमिळच असणार. लिहिणाऱ्याच्या भाषेत मान आहे, वाचणाऱ्याच्या भाषेत आहे, आणि दोघांच्या मधल्या इंग्रजीत ते शेपूटच नाही. 'पाठव' आणि 'पाठवा' तिथं एकच होतात, आणि आबा आपोआप उर्मट ठरतात.

म्हणून ती तो मान दुसरीकडून आणते. मागणीच्या वाक्यात एक 'प्लीज', वर अधिकाऱ्याला 'डिअर सर ऑर मॅडम', खाली 'युअर्स फेथफुली'. बस. 'प्लीज' तीन वेळा आलं की विनवणी होते. आणि 'उद्याच्या उद्या' काढून ती तारीख घालते, 21 जुलै. आज 11 आहे. दहा दिवसांत नवा काटा पोचवणं कंपनीला जमण्यासारखं आहे, म्हणून ते न जमल्याची सबबही कंपनीला देता येणार नाही. 'उद्या' न पाळणं सोपं होतं.

पुढचं वाक्य: 'तुम्ही लोकांनी धंदा मांडलाय का लुटायचं दुकान?'

"ह्यातला प्रश्न जाणार," ती म्हणते. असा प्रश्न मराठीत उत्तरासाठी नसतो, आबांनाही उत्तर नकोय. इंग्रजी पत्रात तो कुत्सित वाटतो आणि हाती काहीच लागत नाही. पण ती जास्त अडते 'तुम्ही लोक'वर. आबांच्या मनात फक्त अनेकवचन आहे: दुकानदार, अभियंता, फोनवरची बाई, सगळे मिळून. इंग्रजीत 'यू पीपल' म्हटलं की ते माणसांच्या जातकुळीवर जातं, वाचणारा तिथंच तडकतो. ती प्रत्येक ठिकाणी ठरवते की बोट नेमकं कुणाकडं आहे. विक्रेता असेल तर विक्रेता, सेवा विभाग असेल तर सेवा विभाग. सौम्य करायला म्हणून केलेला हा बदल, पण पत्र त्यानं जास्त टोचायला लागतं. 'तुम्ही लोक'मध्ये कुणीच सापडत नव्हतं.

मग येतं 'पन्नास फोन केले, उचलायला हाताला मेंदी लागलीय का?' मेंदी जाते, त्याबद्दल आबा वादही घालत नाहीत. ते अडतात पन्नासवर.

"पन्नास म्हंजे लई. मोजून पन्नास न्हवं."

"मला कळतंय. त्यांना नाही कळणार. त्यांच्याकडं नोंद असते. पन्नास लिहिलं आणि त्यांनी सात दाखवले, तर बाकीचं पत्रही खोटं धरतील."

आबांच्या मोबाइलमध्ये खरंच सातच निघतात. त्यांतले चार उचललेच गेले नाहीत: 20, 24 आणि 27 जून, आणि 1 जुलै. ती पन्नास खोडून चार तारखा लिहिते. वाक्याची रचनाही बदलते. 'तुम्ही फोन उचलला नाहीत' याऐवजी 'या चार तारखांच्या फोनना उत्तर मिळालं नाही.' माणसावरचं बोट निघालं, वस्तुस्थिती होती तशी राहिली. आबा तारखा मनात वाचतात. ओठ हलताना दिसतात. "हे पन्नासपेक्षा वाईट दिसतंय," ते म्हणतात, आणि त्यांना ते आवडलेलं आहे.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर मोठ्या अक्षरांत: 'ही शुद्ध चारसोबीस आहे.'

इथं ती हात आखडता घेते. बोलीत चारसोबीस म्हणजे लबाडी, बनवाबनवी, रोज कुणी ना कुणी कुणाला म्हणतं. पण तो आकडा आला भारतीय दंडसंहितेच्या 420 कलमातून, फसवणुकीच्या गुन्ह्यातून. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर कलमाचा आकडा 318 झाला, बोली मात्र जुन्याच आकड्यावर राहिली. इंग्रजीत 'चीटिंग' किंवा 'फ्रॉड' लिहिलं की तो राग राहत नाही, आरोप होतो. त्यासाठी विकतानाच कंपनीच्या मनात फसवायचं होतं हे दाखवावं लागेल. आबांकडं त्याचा पुरावा नाही, काटा बिघडल्याचा आहे.

"आणि असं पत्र आमच्याकडं आलं ना," ती म्हणते, "की आम्ही त्याला हात लावत नाही. सरळ वकिलाकडं जातं. मग दोन महिने कुणी काटा बघायलाही येणार नाही."

म्हणून ती लिहिते: विकताना काट्याची जी अचूकता सांगितली होती, ती हा काटा देत नाही. याला तिच्याकडं आकडे आहेत, आणि एकही शब्द मागं घ्यावा लागणार नाही.

पुढची दहा मिनिटं भराभर जातात. 'लाज वाटली पाहिजे' जातं. 'आमच्या वाडवडिलांनी सोनं गाळलं तेव्हा तुमची कंपनी नव्हती' जातं. 'काटा तुमच्या दारात आणून फेकीन' जातं. एका ठिकाणी आबांनी 'च' लावून लावून वाक्य ठोकलंय: 'हाच काटा, मीच घेतला, तुमच्याच माणसानं दिला.' ती आधी ते शब्द मोठ्या अक्षरांत टाइप करते, बघते आणि पुसते. मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं. त्याऐवजी बिलाचा क्रमांक, 3 जून ही तारीख आणि काट्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक एका ओळीत येतात. 'हाच' म्हणायचं होतं ते अनुक्रमांकानं झालं.

मग ती पडद्यावरचं इंग्रजी मराठीत परत वाचून दाखवते, आबांना कळावं म्हणून. आबा ऐकतात आणि त्यांचा चेहरा पडतो.

"चांगलं हाय," ते म्हणतात. "पर ह्यात मी कुठाय?"

ती पुन्हा मूळ पत्र हातात घेते. तिसऱ्या पानावर पेन सगळ्यात जास्त दाबलेलं आहे, तिथं थांबते. 'माझ्यासारख्याला तुम्ही शिकवायचं काम नाही.' याखाली तिनं मघाशी नागमोडी रेघ ओढली होती.

"कोण शिकवायला आलं होतं?"

आबा लगेच सांगत नाहीत. पोरगाच सांगतो. 9 तारखेला कंपनीचा अभियंता आला. त्यानं काटा उघडला नाही, वजन लावून बघितलं नाही. दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाला, पेरियवर, तुमचा हात थरथरतो, म्हणून आकडा हलतो.

बाकड्यावर बसून मी आबांच्या हाताकडं बघतो. मघाशी याच हातानं चिमट्यात दोनशे ग्रॅमचं वजन उचलून ताटलीच्या मधोमध ठेवलं, तेव्हा काचेला ते टेकलंही नव्हतं. आणि काटा तर दार लावून हात बाहेर आल्यावरच थांबतो.

चार पानांचा राग या एका वाक्याचा आहे, आणि ते वाक्य पत्रात नव्हतंच. आबांनी त्याच्या भोवतीनं सगळं लिहिलं होतं. पुतणी आता नवा परिच्छेद घालते. फोनच्या वाक्यात तिनं कर्ता काढून टाकला होता, इथं मुद्दाम ठेवते: 9 जुलैला तुमच्या अभियंत्यानं यंत्राची कोणतीही तपासणी न करता, माझ्या ग्राहकांसमोर, आकड्यातला फरक माझा हात थरथरल्यामुळं पडतो असं सांगितलं. वजन ठेवून दार बंद केल्यावरच आकडा स्थिर होतो, त्यामुळं हे कारण लागू पडत नाही. या विधानाबद्दल कंपनीचं लेखी उत्तर मला हवं आहे.

एकही विशेषण नाही. 'अपमान' हा शब्द नाही. ती ते मराठीत वाचते आणि आबा म्हणतात, "आता आलो."

राहिली शेवटची ओळ. आबांच्या पत्रात तिथं आहे, 'ग्राहक कोर्टात खेचीन.' ही धमकी त्यांनी समजून उमजून दिलीय, ती उर्मटपणानं गेलेली नाही, म्हणून ती गाळायची नाही. फक्त खरी होणारी हवी. पुतणीला शंका आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरतं ज्याचं काम आहे, त्याला मात्र तो ग्राहक मानतो. आबा स्वतः भट्टीवर बसतात, हाताशी एक पोरगा आहे. आपण त्यात बसतो असं म्हणता येईल, पण कंपनीचा वकील नेमकं तिथंच भांडेल. धमकी दिली आणि ती पोकळ निघाली, तर आधीचं सगळं पत्र हलकं होतं.

दुसरा रस्ता आबाच सुचवतात. काट्यावर सरकारी शिक्का आहे. सोनं तोलणारा काटा वैध मापन खात्याकडून दर वर्षी तपासून घ्यावा लागतो, तमिळनाडूत ते काम कामगार खात्याकडं आहे. म्हणजे निरीक्षकाकडून काटा आत्ताच पुन्हा तपासून घेता येतो, आणि तो अहवाल कंपनीला नाकारता येणार नाही. ती लिहिते: 21 जुलैपर्यंत नवा काटा मिळाला नाही, तर मी हा काटा वैध मापन निरीक्षकाकडून तपासून घेईन आणि त्या अहवालासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडं तक्रार नोंदवीन. 1915 वर मराठीतही बोलता येतं हे ती आबांना सांगते, तेवढ्यानं त्यांना बरं वाटतं.

'घेईन', 'नोंदवीन' या भविष्यकाळाकडं ती दोनदा बघते. इंग्रजीत तिथं 'आय मे बी फोर्स्ड टु' लिहायची पद्धत आहे, मला भाग पडेल वगैरे. ती ते घालत नाही. सरळ 'आय विल'. त्याच झपाट्यात शेवटी सवयीनं आलेलं 'काइंडली डू द नीडफुल' पुसते. काय करायचं ते वरच लिहिलंय. 'योग्य ते करा' म्हटलं की ठरवणं पुन्हा त्यांच्या हातात.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पोरगा छापून आणतो. एकच पान, तेही पाऊण भरलेलं. आबा चष्मा लावून आकडे तपासतात, तेवढे त्यांना वाचता येतात: 3, 20, 24, 27, 1, 9, 21. आणि 200.12. वहीशी ताडून बघतात. मग खाली सही करतात, मराठीत.

"आणि एकवीसला न्हाई आलं तर?"

"बावीसला मी रजा टाकते. आधी निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊ, मग दुसरं पत्र," ती लॅपटॉप मिटत म्हणते. "त्यात तारखा ह्याच राहतील. 'प्लीज' तेवढं निघेल."